पाळीची वही

सहकारी पाणीपुरवठा संस्थेचं अंदाजपत्रक ही कोल्हापूरकडच्या गावांत बहुधा एका ओळीत उरकायची गोष्ट असते. मागच्या वर्षीचा खर्च घ्यायचा, त्यावर दहा टक्के चढवायचे आणि खाली बेरीज लिहायची. जमा कमी पडतेय असं दिसलं की 'किरकोळ जमा' या खात्यावर थोडं वाढवायचं. सभेत ते कोणी वाचत नाही. लोकांचा डोळा एकाच आकड्यावर असतो, एकरी पाणीपट्टी.

करवीर तालुक्यातल्या भोगावती काठच्या एका संस्थेत हे काम यंदा ज्युनिअर क्लार्क सुवर्णाकडे आलं. सेक्रेटरी तात्यांचा मोतीबिंदू काढलेला, अजून महिना झालेला नव्हता. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, म्हणून ती 29 ला ठेवलेली. नोटीस चौदा दिवस आधी गेली होती आणि तिच्यात विषय क्रमांक सहासमोर छापलं होतं, 'सन 2025-26 चे अंदाजपत्रक मंजूर करणे व पाणीपट्टीचे दर ठरविणे. अंदाजपत्रक सभेत मांडण्यात येईल.' 'दर ठरविणे' हे शब्द तात्यांनी सवयीने घातले होते, पण ते घातले हे बरं झालं. विषयपत्रिकेवर नसलेला दर सभेत वाढवला की कोणीतरी निबंधकांकडे तक्रार घेऊन जातोच.

28 तारखेच्या संध्याकाळी सुवर्णासमोर तात्यांचा कच्चा कागद होता. जमा 16,48,000. खर्च 16,45,000. शिल्लक 3,000. दिसायला चोख. शेजारच्या दूध संस्थेत संध्याकाळचं संकलन संपत आलं होतं, कॅनचे आवाज येत होते. ती साडेसातला बसली तेव्हा तिला वाटत होतं की नऊपर्यंत टाइप करून प्रिंट काढून घरी जाऊ.

ती अडली वीजबिलाच्या ओळीवर. मागच्या वर्षीचा खर्च 4,23,000, त्यावर दहा टक्के धरून 4,65,300. त्याच्या आदल्या वर्षीचा खर्च मात्र साडेतीन लाखांच्याही आत होता. पाणी तेवढंच, मोटारी त्याच, शंभर-शंभर एचपीच्या दोन. दर वाढले असतील, असं चेअरमन आण्णा म्हणाले होते. सुवर्णाने बिलांची फाइल काढली आणि दोन्ही वर्षांचे दर शेजारी शेजारी लावले. दरात एवढा फरक नव्हता.

मग तिने किर्द उघडली आणि वीजबिलाच्या नोंदींवर पेन्सिलने टिंबं देत मोजत गेली. बारा व्हायला हवी होती. तेरा निघाली.

किर्दीचा हा स्वभाव माहीत नसला की माणूस फसतो. किर्द लिहिते पैसा कधी गेला ते. वीज कधी वापरली याच्याशी तिला देणंघेणं नाही. मार्चचं बिल एप्रिलमध्ये येतं आणि एप्रिलमध्येच भरलं जातं, म्हणजे किर्दीचं वीजवर्ष नेहमी मार्च ते फेब्रुवारी असं एक महिना मागे चालतं. तेवढ्याने काही बिघडत नाही, बिलं बाराच राहतात. पण 2024 च्या मार्चमध्ये संस्थेकडे पैसे नव्हते. फेब्रुवारीचं बिल राहिलं आणि एप्रिलमध्ये मार्चच्या बिलाबरोबर गेलं. त्यामुळे 2023-24 मध्ये पडली अकरा बिलं आणि 2024-25 मध्ये तेरा. आदलं वर्ष खोटंच स्वस्त दिसलं आणि गेलं वर्ष खोटंच महाग. तात्यांनी त्या महाग वर्षावर आणखी दहा टक्के चढवले होते.

तिने वापराच्या महिन्यांप्रमाणे पुन्हा मांडलं. फेब्रुवारी आणि मार्च 2024 ची दोन बिलं, प्रत्येकी 45,000, बाहेर काढली. मार्च 2025 चं 54,000 आत घेतलं. उत्तर आलं 3,87,000.

इथे थांबायला हरकत नव्हती, पण तो 54,000 चा आकडा तिला टोचत राहिला. एका मार्चला 45,000 आणि पुढच्या मार्चला 54,000, दर जवळपास तोच. मोटारी जास्त वेळ चालल्या असतील तर ते पंपहाउसच्या लॉगबुकात असणार. ऑपरेटर रोज सुरू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ आणि मुख्य पॅनेलवरचे अँपिअर लिहितो. ही वही वर्षाच्या शेवटी कपाटात जाते आणि तिच्यावर धूळ बसते. दोन्ही मार्च महिन्यांचे तास तिने मोजले. दोन्हीकडे दोनशेच. म्हणजे तेवढंच पाणी उपसायला यंदा 36,000 युनिट पडली होती आणि आधी 30,000.

तासाला दीडशे युनिटवरून एकशेऐंशी.

आता अँपिअरचा रकाना. नोव्हेंबरअखेरपर्यंत दोन्ही मोटारी चालू असताना 208, 210, 207. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकदम 250, आणि तिथून पुढे 250 च्या आसपासच. ऑपरेटरने रोज इमानदारीने लिहिलं होतं, पण ते कोणी वाचलं नव्हतं. बिलावर पॉवर फॅक्टरचा आकडा असतो. तो नोव्हेंबरपर्यंत 0.96 होता आणि डिसेंबरपासून 0.80.

हे असं होतं ते कपॅसिटरमुळे. मोटारीला पाणी उचलायला लागणारी ताकद वेगळी आणि तिचं चुंबकीय क्षेत्र उभं राहायला लागणारा प्रवाह वेगळा. हा दुसरा प्रवाह कपॅसिटर तिथल्या तिथे पुरवतात. ते फुगले किंवा त्यांचे फ्यूज उडाले की तो प्रवाह लाइनवरून ओढला जातो. मोटार तशीच फिरते, पाणी तेवढंच पडतं, आवाजातही फरक नसतो, म्हणून पंपावरच्या माणसाला काही कळत नाही. या संस्थेचं बिल मात्र केव्हीएएच युनिटवर येतं आणि त्यात हा जादा प्रवाहही मोजला जातो. खरी ताकद 144 किलोवॅट. तिला 0.96 ने भागलं की दीडशे येतात आणि 0.80 ने भागलं की एकशेऐंशी. सुवर्णाने कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिलं. ती बी.कॉम. असली तरी हा भाग तिला ठाऊक होता, कारण तिचा भाऊ उद्यमनगरात एका रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला आहे. तिने त्याला फोन लावला.

"दादा, दोन शंभर एचपीला कपॅसिटर बदलायचे तर किती?"

"पॅनेल चांगलं असलं तर अठरा हजारांत बसवून देतो. रात्रीचं काय काढलंयस हे? जेवलीस काय?"

जेवली नव्हती.

सप्टेंबरमध्ये मंजूर होणारं हे अंदाजपत्रक एप्रिलपासून सुरू झालेल्या वर्षाचं असतं, ही आणखी एक गंमत. अर्धं वर्ष तोवर उलटलेलं असतं. तरीही पुष्कळ संस्था त्यात बारा महिन्यांचा 'अंदाज' मांडतात, जणू एप्रिल अजून यायचाय. सुवर्णाने रकाना दोन भागांत फोडला. एप्रिल ते सप्टेंबर प्रत्यक्ष, ऑक्टोबर ते मार्च अंदाज. सरासरी दर सगळे आकार धरून युनिटला दीड रुपया पडत होता. एप्रिल ते सप्टेंबर मोटारी चारशे तास चाललेल्या, त्याही नादुरुस्त कपॅसिटरवर. 1,08,000 गेले, ते गेले. पुढच्या सहा महिन्यांत मागच्या वर्षीप्रमाणे 1,160 तास धरले, तर कपॅसिटर बदलून 2,61,000 आणि न बदलता 3,13,200. फरक 52,200. त्यातला स्थिर आकार काही कमी होत नाही, म्हणून प्रत्यक्षात बचत थोडी कमीच पडेल, पण अठरा हजारांच्या मानाने प्रश्नच नव्हता. वीज 3,69,000, कपॅसिटर 18,000. तात्यांच्या कागदापेक्षा जवळजवळ ऐंशी हजारांनी कमी.

तिला वाटलं, आता शिल्लक चांगली दिसणार. तेवढ्यात शामूआबा आले.

शामूआबा संस्थेचे सगळ्यात जुने पाटकरी, शेतांना पाळीने पाणी सोडणारे. पावसाळ्यात पाण्याची पाळी नसते, तेव्हा ते वर काढून ठेवलेल्या मोटारींची राखण करतात. ऑफिसचा दिवा बघून वाकून आत डोकावले.

"अजून हितंच? दहा वाजून गेलं की गं."

"आबा, आपलं भिजणारं क्षेत्र किती?"

"कागदावर का खरं?"

कागदावर 412 एकर होतं. तात्यांनी जमा धरली होती ती 412 गुणिले चालू दर 4,000, म्हणजे 16,48,000. आबा काही न बोलता घरी गेले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली पाळीची वही घेऊन आले. लांबट, कोपरे मऊ पडलेली. पाटकऱ्याची वही गुंठ्यांत चालते. चेंबर नंबर, शेतकऱ्याचं नाव, गुंठे आणि पाणी दिल्याची खूण. जिथे पाणी गेलं नाही तिथे फुली. तिचा हिशेब सभासद रजिस्टरशी कधीच जुळत नाही, कारण रजिस्टरात माणूस एकदा गेला की निघत नाही आणि वहीत मात्र पाणी नाही तर खूण नाही.

आबांनी वाचायचं आणि तिने आकडे मारायचे, असं पाऊण तास चाललं. शेवटी आले 14,840 गुंठे. चाळिसाने भागले की 371 एकर.

एकेचाळीस एकर कुठे गेले, हे आबांनी बोटांवर सांगितलं. रस्त्याकडेच्या चौदा एकरांवर प्लॉट पडलेत, घरं उभी आहेत. सतरा एकरवाल्यांनी स्वतःच्या बोअर मारल्यात, ते पाणी मागत नाहीत. उरलेले दहा एकर शेवटच्या चेंबरवरचे.

"त्यास्नी बिल जातंय दरसाल. पाणी पोचतंय कुठं? वरच्या अंगाला पाइप गळतीया, खाली दाब न्हाई. मग ते पट्टी भरत न्हाईत, आणि आण्णा त्यास्नी थकबाकीदार म्हणत्यात."

सुवर्णाने काही न बोलता 371 गुणिले 4,000 केलं. 14,84,000. वीजबिलात वाचलेले ऐंशी हजार जमेच्या बाजूने दुप्पट होऊन गेले होते. तात्यांचा कागद जुळला होता तो दोन चुका एकमेकींना टेकून उभ्या असल्यामुळे. खर्चात वीज फुगलेली, जमेत जमीन फुगलेली, आणि मधे तीन हजारांची शिल्लक.

पाणीपुरवठा संस्थेत ही जमिनीची चूक फार महागात पडते. क्षेत्र कमी झालं म्हणून खर्च त्या प्रमाणात उतरत नाही. पाटकरी तेवढेच लागतात, ऑपरेटर तेवढेच, आणि पाइपलाइन काही आखूड होत नाही. विजेतही फारसा फरक नाही, कारण गेल्या वर्षीचे तास मुळात या 371 एकरांचेच होते. तोच बोजा थोड्या एकरांवर बसतो.

मग तिने बाकीच्या ओळी लिहिल्या. पगार 7,20,000. पाटबंधारे खात्याची पाणीपट्टी 1,60,000. मोटार आणि पंप दुरुस्ती 1,50,000. पाइपलाइन गळती 1,20,000. ऑफिस आणि ऑडिट 70,000. राहिली ती ओळ तात्यांच्या कागदावर नव्हतीच. जुलैत राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडायला लागले की भोगावती एका रात्रीत मोटारी बसवलेल्या जॅकवेलला लागते, म्हणून पावसाळ्याच्या तोंडाला मोटारी वर काढायच्या आणि पाणी उतरल्यावर पुन्हा बसवायच्या. क्रेन, मजूर, केबल, गाळ काढणं. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर या बाबतीत कोणी धोका पत्करत नाही. दरवर्षी हा खर्च होतो आणि दरवर्षी तो 'आकस्मिक' म्हणून पडतो. दरवर्षी ठरल्या वेळी येणाऱ्या खर्चाला आकस्मिक का म्हणायचं, हे एक कोडंच आहे. तिने त्याला स्वतंत्र नाव दिलं, 'मोटारी काढणे-बसविणे', आणि समोर 60,000 लिहिले.

बेरीज आली 16,94,000. पडताळ्यासाठी खालून वर केली तर 16,67,000. पुन्हा वरून, पुन्हा 16,94,000. रात्रीचा एक वाजत आला होता. आबा बाकड्यावर टॉवेल तोंडावर घेऊन आडवे झाले होते. तिने फरक काढला, 27,000. नवाने निःशेष भाग जातो. असा फरक आला की बेरीज करत बसायचं नसतं, उलटे पडलेले दोन आकडे शोधायचे असतात. पक्क्या कागदावर वीज 3,96,000 उतरली होती. वरून मोजताना ती लिहिलेलं वाचत होती आणि खालून मोजताना तिच्या डोक्यातला 3,69,000 बोटांनी मारला जात होता. तिने आकड्यावर सरळ रेघ मारली, वर बरोबर लिहिलं आणि शेजारी सही केली. व्हाइटनर लावलेला कागद ऑडिटर नुसता वाचत नाही, उजेडाकडे धरून बघतो.

खर्च 16,67,000. जमा 14,84,000. तूट 1,83,000. खर्चाला 371 ने भागलं तर एकरी 4,493. तिने 4,500 लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. सभेत एकरी पाचशेची वाढ मागायची, आणि आण्णांना याचा पत्ताही नाही.

खरं तर इथे अंदाजपत्रक पुरं झालं होतं. पण फेब्रुवारी 2024 चं ते राहिलेलं बिल तिच्या डोक्यातून जात नव्हतं. त्याही वर्षी एकूण जमा-खर्च फारसा वाईट नव्हता, तरी बिल भरायला पैसे नव्हते. तिने कोरा कागद आडवा धरला आणि महिने मांडले.

उसाच्या पट्ट्यातल्या संस्थेचा पैसा कारखान्याच्या बिलातून कपात होऊन येतो. हंगाम नोव्हेंबरात सुरू झाला तरी हातात रक्कम पडायला डिसेंबर उजाडतो. जे ऊस गुऱ्हाळाला घालतात त्यांची कपातच होत नाही, त्यांच्या दारात जावं लागतं. याउलट खर्च दसरा-दिवाळीच्या आसपास एकदम अंगावर येतो, कारण पाऊस थांबला की लगेच लोकांना पाणी हवं असतं. 1 ऑक्टोबरची शिल्लक साधारण 94,000. ऑक्टोबरमध्ये मोटारी बसवायला 30,000, कपॅसिटर 18,000, एका मोटारीचं रिवाइंडिंग 85,000, पगार 60,000. नोव्हेंबरमध्ये पुन्हा पगार 60,000, ऑक्टोबरचं वीजबिल 40,500 आणि गळती काढायला 40,000. नोव्हेंबरअखेर खड्डा 2,39,500.

दर 4,500 झाला तरी हा खड्डा राहतोच. त्याने मार्चअखेरचा आकडा सुधारतो, नोव्हेंबरचा नाही. यावर दोनच वाटा, बँकेकडून उचल आणि तिचं व्याज, नाहीतर पाणीपट्टीतलाच काही भाग आधी मागणं. तिने 371 ला सातशेने गुणलं. 2,59,700. खड्डा भरून वीस हजार हाताशी राहत होते. पण सगळेच काही दिवाळीआधी भरणार नाहीत. म्हणून कागदाच्या तळाशी तिने लिहिलं की आगाऊ हप्ता सत्तर टक्क्यांपेक्षा कमी जमला तर पहिल्यांदा रिवाइंडिंग डिसेंबरवर ढकलायचं, कपॅसिटर नाही. ढकललेल्या मोटारीची जागा महिनाभर दुसरी कशीबशी निभावून नेते, फक्त पाळी लांबते. कपॅसिटर मात्र रोज खातात.

आबा जागे झाले होते.

"किती बसतंय?"

"साडेचार हजार. त्यातलं सातशे दिवाळीआधी."

"ओरडतील."

"कशावरून ओरडतील? वाढीवरून का सातशेवरून?"

आबांनी थोडा विचार केला. "खालच्या चेंबरवाले आधी ओरडतील. पाणी न्हाई आणि वर पाचशे."

तिने पाळीची वही पुन्हा पुढे ओढली. शेवटच्या चेंबरचे दहा एकर आपण 371 मधून वगळलेत, हे तिने आबांना सांगितलं. त्यांना यंदा बिलच जाणार नाही. गळती काढल्यावर पाणी पोचलं, वहीत खूण झाली, की त्या दिवसापासूनची आकारणी. पाइपलाइनचे 1,20,000 खर्च होतील ते आधी वरच्या अंगाच्या तुकड्यावर. दहा एकर परत आले तर पुढच्या वर्षी 45,000 ची जमा वाढते, तीही विजेत फारशी भर न पडता, कारण आज तेवढं पाणी गळून जातंच आहे.

"असं लिही मग कागदावर," आबा म्हणाले. "तोंडी सांगितल्यालं सभेत ऱ्हात न्हाई."

तिने विषय सहाखाली टीप टाइप केली. मग दूध संस्थेच्या प्रिंटरला कागद लावला. त्याची काळी शाई संपत आली होती आणि प्रत्येक पानाच्या मधून एक पांढरी रेघ जात होती, नेमकी 4,500 च्या ओळीवरून. तिने कार्ट्रिज काढून हलवलं, परत बसवलं आणि पुन्हा छापलं. तिसऱ्या प्रतीला आकडा नीट उमटला. तीच तिने आण्णांसाठी वर ठेवली. पहाटेच्या दुधाचा पहिला कॅन दारात येऊन टेकला तेव्हा ती पाळीची वही परत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालत होती. पण आबा म्हणाले, असू दे, सभेला तीच घेऊन ये.